स्पॉयलर न देता चार ओळींत मत कसं सांगायचं? (मंडळाच्या शनिवारच्या खेळाला येणाऱ्यांनी धागा जपून वाचा)

वडगावचा_विणकर
आमच्या गल्लीतलं मंडळ महिन्यातून एकदा पडदा लावून जुना मराठी चित्रपट दाखवतंय. या शनिवारी 'श्वास' आहे. ग्रुपवर चार ओळी टाकायचं काम माझ्याकडं आलं. मी टाकल्या आणि दहा मिनिटांत भाचीचा फोन. "मामा, आता आम्ही यायचं कशाला? सगळं सांगून मोकळा झालास." चित्रपट २००४ चा, तिचा जन्म त्याच्या नंतरचा. तिच्यासाठी तो नवाच, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मी लिहिलं होतं ते असं:

"कोकणातले आजोबा नातवाला डोळ्यांच्या त्रासासाठी पुण्याला आणतात. डॉक्टर सांगतात की डोळ्यांचा कॅन्सर आहे, ऑपरेशन केलं तर जीव वाचेल पण दृष्टी जाईल. ऑपरेशनच्या आधी आजोबा त्याला हॉस्पिटलमधून गुपचूप बाहेर नेतात आणि शहर दाखवतात. शेवट हृदयस्पर्शी. सगळ्यांचा अभिनय उत्तम, नक्की बघा."

ग्रुपवरनं काढून टाकलंय. आता दुसरं लिहायचंय. गोष्ट काढली तर हातात काही उरत नाही, आणि ठेवली तर भाची येत नाही. काय करू सांगा.

खानापूर_लोंढा
खेळ किती वाजता? परत जायला बस मिळेल काय?

वडगावचा_विणकर
सातला. बसचं नंतर सांगतो, आधी हे सोडवा की ओ.

रविवार_पेठ
उगीच ताण घेतोयस गा. मी वाचलंय, अमेरिकेत संशोधन झालंय, शेवट आधी माहीत असला तर माणसाला जास्तच मजा येते. आणि श्वासची गोष्ट त्या वेळी सगळ्या पेपरांत आली होती, ऑस्करला पाठवला होता ना. वीस वर्षांनंतर कसला स्पॉयलर? तसं म्हटलं तर रामायण बघायला कुणी जायलाच नको.

फिल्मवेडी_शहापूर
रविवार पेठ, ते संशोधन खरं आहे. २०११ चं, सॅन डिएगोच्या विद्यापीठातलं. पण ते छापील लघुकथांवर होतं, तिकीट काढून अंधारात बसलेल्या माणसावर नव्हतं. पुढं दुसऱ्यांनी तसाच प्रयोग केला तेव्हा उलट निघालं, आधी कळलेल्या कथा लोकांना कमी आवडल्या. तेव्हा त्याच्या जिवावर भाचीला गप्प बसवता येणार नाही. रामायणाला आपण गोष्ट कळावी म्हणून जात नाही, हे मात्र बरोबर.

विणकर दादा, तुमच्या पाच वाक्यांत स्पॉयलर हा लहान दोष आहे. मोठा दोष असा की त्यात तुमचं मतच नाही. पहिली तीन वाक्यं गोष्ट. चौथं "शेवट हृदयस्पर्शी", पाचवं "अभिनय उत्तम, नक्की बघा". ही शेवटची दोन उचलून दुसऱ्या कुठल्याही चित्रपटाखाली चिकटवा, कुणाला पत्ता लागणार नाही. गोष्ट काढल्यावर हातात काही उरत नाही म्हणताय ना, त्याचं कारण हेच. मत सुरुवातीपासूनच नव्हतं, गोष्टीनं जागा भरली होती.

तुम्हाला स्वतःला काय आवडलं? श्वास मनात आणा आणि एकच प्रसंग सांगा, घटना नको, त्यात माणूस कसा दिसला ते सांगा.

वडगावचा_विणकर
ताई, आजोबा हॉस्पिटलात हातात कागद घेऊन उभे असतात ते. कुठल्या खिडकीशी जायचं कळत नाही, विचारायचं तर लाज वाटते. माझे वडील असेच उभे राहायचे. आजोबांचं काम करणाऱ्या नलावडेंनी तिथं काहीच केलं नाही असं वाटतं, आणि तेच डोक्यातनं जात नाही.

फिल्मवेडी_शहापूर
हे बघा, आलं की मत. "नलावडेंनी काहीच केलं नाही असं वाटतं आणि तेच डोक्यातनं जात नाही." यात एकही घटना फुटली नाही, आणि चित्रपट कुठल्या जातीचा आहे, आरडाओरडा करणारा की सोसणारा, तेही कळलं. "अभिनय उत्तम" याच्या जागी हे ठेवा.

टिळकवाडीचे_काका
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. या बेळगाव भागात मराठी चित्रपट लागतो तो मुळात एक खेळ, तोही आडवेळेला, आणि आठवड्यात उतरतो. अशा ठिकाणी तुम्ही "हे आवडलं, ते नाही आवडलं" असं चारचौघांत लिहायला लागलात तर पुढच्या शुक्रवारी तो एक खेळही राहणार नाही. आपल्याकडं मराठी चित्रपटाला "नक्की बघा" एवढंच म्हणावं. उणीदुणी घरात काढावीत. आम्ही इतकी वर्षं असंच टिकवलंय.

निपाणीकरीण
काका, तुमचा मान ठेवून सांगते. आम्हाला निपाणीहून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ. मराठी चित्रपट बघायचा तर आम्ही तिकडं जातो, बसभाडं, तिकीट, मुलांचं खाणं, एक अख्खी सुट्टी. मागं एकानं ग्रुपवर लिहिलं, "आपला चित्रपट, सहकुटुंब बघाच." गेलो. मध्यंतरात पोरं म्हणाली घरी चला. त्या माणसाचं "बघाच" मी पुन्हा कधी वाचलं नाही. पुढं त्यानं एका खरोखर चांगल्या चित्रपटालाही "बघाच" लिहिलं होतं, तो मी सोडला. मग नुकसान कुणाचं झालं?

टिळकवाडीचे_काका
तुझं म्हणणं कळतंय बाळ. पण खेळ उतरवणारा तुमचा परिच्छेद वाचत नाही, तो खुर्च्या मोजतो.

निपाणीकरीण
खुर्च्या आम्हीच भरतो की हो काका. फसवलं गेलेलं माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

फिल्मवेडी_शहापूर
काकांची भीती खोटी नाही. म्हणून मी उणं एकच सांगते आणि ते कुणाला बोचेल हेही सांगते. "दुसरा अर्धा भाग संथ आहे" असं नुसतं लिहिलं की चित्रपटाला शिवी दिल्यासारखं होतं. "संथ आहे, ज्यांना घाई नाही त्यांना चालेल" म्हटलं की वाचणारा आपलं आपण ठरवतो. मत तेच राहतं आणि कोण जाईल, कोण नाही, हे त्यात येतं.

चिकोडी_एक्सप्रेस
माझी एक गंमत. २०१७ ला कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' आला, आठवतोय? सैराटचा रीमेक, त्यातही रिंकू राजगुरूच. ऑफिसातल्या कन्नड मित्रानं विचारलं, कसा आहे? मी सरळ म्हटलं, "सैराटच आहे." त्यानं सैराट पाहिला नव्हता, पण त्याच्या शेवटाबद्दल वर्षभर इतकं ऐकलं होतं की त्याचा चेहरा पडला. "मग आता बघायचं काय राहिलं?" मी गोष्टीतलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. आपल्याकडं दोन्ही भाषांतलं बघणारी माणसं, त्यामुळं "हा त्याचा रीमेक" म्हणणं हाच इथं सगळ्यात मोठा स्पॉयलर.

रविवार_पेठ
पण रीमेक आहे हे पोस्टरवरच छापतात की कधी कधी.

फिल्मवेडी_शहापूर
छापलं असेल तर तुम्ही नवीन काही फोडलं नाही. तुलनेतनं शेवट उघडा पडतो तेव्हा गोची होते. "अमुक चित्रपटाची आठवण झाली" असं लिहिताना मी आधी बघते, मला त्याचं काय आठवलं. छायाचित्रण आठवलं असेल तर तेवढंच लिहिते. शेवट आठवला असेल तर नावच घेत नाही.

आणि सैराटवरनं आठवलं. २०१६ ला मला तीन जणांनी सांगितलं, "शेवट सांगत नाही, पण शेवट बघ." झालं. चित्रपट जवळजवळ तीन तासांचा. गाणी झाली, पळापळी झाली, दोघांचा संसार लागला, आणि मी प्रत्येक दाराकडं बघत बसले, आता येतंय, आता येतंय. ज्यांनी काही न ऐकता पाहिला त्यांना तो संसार संसार म्हणून दिसला. मला तो फक्त वाट बघायचा वेळ वाटला. "धक्का बसेल", "वाटतं तसं नाही", "शेवटची दहा मिनिटं चुकवू नका", ही वाक्यं लिहिणाऱ्याला वाटतं आपण गुपित राखलं. गुपित राखलं, पण गुपित आहे ही दवंडी पिटली. तुमचं "शेवट हृदयस्पर्शी" त्याच घरातलं, विणकर दादा.

वडगावचा_विणकर
ते काढलं. आता गोष्ट किती ठेवू? एक ओळ तरी पाहिजे, नाहीतर मंडळी विचारतात, "कशावर आहे?"

रविवार_पेठ
मी नियम सांगतो. ट्रेलरमध्ये दिसतं तेवढं सांगायचं. सोपं.

फिल्मवेडी_शहापूर
अर्धं बरोबर. आता ट्रेलर स्वतःच निम्मा चित्रपट सांगून टाकतात, आणि जुन्या चित्रपटाचा ट्रेलर कुणी बघितलेला नसतो. मी मोजते ती खुर्ची. चित्रपट सुरू होऊन माणूस नीट टेकला, पॉपकॉर्न उघडला, तोवर जे पडद्यावर येऊन गेलं तेवढं सांगायला हरकत नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटं धरा. श्वासमध्ये तेवढ्यात काय कळतं? आजोबा आणि नातू कोकणातनं पुण्याला आलेत, पोराच्या डोळ्यांत काहीतरी आहे. तुमचं पहिलं वाक्य तिथंच थांबतं. ते ठेवा.

तिसरं वाक्य, हॉस्पिटलमधून बाहेर नेण्याचं, डोळे मिटून खोडा. चित्रपट सगळा चढ चढून तिथं पोचतो. भाचीनं फोन केला तो त्या वाक्यासाठी.

दुसऱ्यावर मात्र माझं मन पटकन ठरत नाही. निदान काय झालं हे चित्रपट आला तेव्हा जगजाहीर होतं. पण कळेपर्यंत आजोबांबरोबर आपणही त्या बाकावर बसतो, डॉक्टर काय बोलणार याची धाकधूक आपल्यालाही असते. आधीच कळलं तर आपण डॉक्टरच्या बाजूला जाऊन बसतो आणि आजोबांकडं कीव करून बघतो. मी खोडेन.

चिकोडी_एक्सप्रेस
ताई, मी ठेवेन. निदान काढलं तर "डोळे दाखवायला आले" एवढंच राहतं, चष्म्याच्या नंबराची गोष्ट वाटते. कोण येणार शनिवारी रात्री?

अनगोळची_सून
मी इथं फारसं लिहीत नाही, पण आता राहवत नाही म्हणून लिहिते. गेल्या वर्षी सासूबाईंना घेऊन एका चित्रपटाला गेले. ग्रुपवर लिहिलेलं, "स्पॉयलर देत नाही, जाऊन बघा, सुंदर." आमच्या घरात त्याच्या आधी दोन महिने लहान पोराचं मोठं ऑपरेशन झालं होतं. चित्रपटात मध्यंतरानंतर तेच. सासूबाई उठल्या, अंधारात पायरी चुकली, गुडघा फुटला. त्यापेक्षा आत जे फुटलं ते वेगळं. तुम्ही सगळे भाचीला मजा यावी म्हणून बोलताय. मला आधी कुणीतरी एक शब्द सांगायला हवा होता. तुमचं ते "निदान खोडा" वाचून अंगावर काटा आला.

टिळकवाडीचे_काका
सूनबाई, हे फार बरं लिहिलंस.

रविवार_पेठ
सेन्सॉरचं सर्टिफिकेट असतंय की त्यासाठी. आता यूए मध्ये पण सात, तेरा, सोळा असे वयाचे भाग केलेत.

अनगोळची_सून
सासूबाई सत्तरच्या आहेत भाऊ. त्यांना कुठल्या भागात घालू?

निपाणीकरीण
👆 हे खरं.

फिल्मवेडी_शहापूर
सूनबाई, तुम्ही सांगितल्यावर माझं "खोडेन" जरा सैल झालं. मी एक करून बघितलंय, पूर्ण उत्तर नाही. काय घडतं ते सांगायचं नाही, कुठं घडतं ते सांगायचं. "बराच भाग हॉस्पिटलमध्ये, लहान मुलाच्या आजारपणाभोवती घडतो." ज्याच्या घरात तसं काही झालंय त्याला एवढं पुरतं, तो थांबतो, फोन करून विचारतो. भाचीला यातनं शेवट कळत नाही. चिकोडीवाल्यांचा प्रश्नही निम्मा सुटतो, चष्म्याच्या नंबराची गोष्ट वाटत नाही.

अनगोळची_सून
हे चाललं असतं. पण त्या चित्रपटात पहिला अर्धा भाग लग्नाचा, नाचगाण्याचा होता. हॉस्पिटल मध्यंतरानंतर आलं. तिथं "हॉस्पिटलमध्ये घडतो" असं लिहिलं तर तेच स्पॉयलर झालं असतं. मग लिहिणाऱ्यानं काय करायचं होतं?

फिल्मवेडी_शहापूर
तिथं माझ्याकडं उत्तर नाही. मी स्वतः अशा वेळी खाली एक ओळ टाकते, "घरात नुकतं आजारपण झालं असेल तर आधी मला विचारा." काही जण म्हणतात यानंही फुटतं. फुटतं थोडं.

चिकोडी_एक्सप्रेस
फुटू दे की. गुडघ्यापेक्षा बरं.

रविवार_पेठ
मला नाही पटत. प्रत्येकाच्या घरी काही ना काही झालेलं असतंय. मग पावसाची पण सूचना द्यायची काय, ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांच्यासाठी?

अनगोळची_सून
तुमच्या घरात पाणी शिरलं की विचारेन.

वडगावचा_विणकर
भांडू नका ओ. सगळं वाचून रात्री मागाजवळ बसून लिहिलं. आता हे बघा:

"संदीप सावंत यांचा 'श्वास', २००४. कोकणातले आजोबा नातवाचे डोळे दाखवायला पुण्याला येतात. बराच भाग हॉस्पिटलमध्ये, पोराच्या आजारपणाभोवती घडतो. मला फार आवडला, कारण तो रडवायला धावत नाही. अरुण नलावडे हातात कागद घेऊन नुसते उभे राहतात आणि आपल्याला आपल्या घरातलं कुणीतरी आठवतं. हाणामारी, विनोद पाहिजे त्यांनी येऊ नका. घरात नुकतं दुखणं झालं असेल तर आधी मला फोन करा."

फिल्मवेडी_शहापूर
छान. "मला फार आवडला" हे चौथ्या वाक्यात आलंय, ते पहिल्यात न्या. लोक फोनवर दोनच ओळी बघतात, बाकीचं "आणखी वाचा"च्या खाली जातं. दिग्दर्शकाचं नाव खाली गेलं तर काही बिघडत नाही, मत खाली गेलं तर ते कुणी वाचत नाही. आणि नावडलेलं एकही नाही यात. खरंच काही नावडलं नाही?

वडगावचा_विणकर
नावडलं की. डॉक्टर समजावून सांगतात तिथं माहितीपत्रक वाचल्यासारखं वाटतं मला. पण काकांच्या भीतीनं लिहिलं नाही.

टिळकवाडीचे_काका
अरे मंडळाच्या पडद्यावर कोण खेळ उतरवणार आहे? लिही. मला तर डॉक्टरचेच संवाद आवडले होते, संदीप कुलकर्णी काय सुरेख बोललेत. येऊन भांडतो तुझ्याशी.

निपाणीकरीण
😂 काका आले लाईनवर.

चिकोडी_एक्सप्रेस
"येऊ नका" जरा कडक वाटतं. "त्यांच्यासाठी नाही" म्हणा.

वडगावचा_विणकर
"येऊ नका" राहू दे. मागच्या महिन्यात अर्धी पोरं मध्येच उठून मोबाईल बघत बसली होती. हे टाकलं आता ग्रुपवर:

"'श्वास' मला फार आवडला, कारण तो रडवायला धावत नाही. कोकणातले आजोबा नातवाचे डोळे दाखवायला पुण्याला येतात. बराच भाग हॉस्पिटलमध्ये, पोराच्या आजारपणाभोवती. अरुण नलावडे हातात कागद घेऊन नुसते उभे राहतात आणि आपल्या घरातलं कुणीतरी आठवतं. डॉक्टरचं समजावणं मला थोडं माहितीपत्रकासारखं वाटलं. हाणामारी, विनोद पाहिजे त्यांनी येऊ नका. घरात नुकतं दुखणं झालं असेल तर आधी मला फोन करा."

भाचीला पण पाठवलं. म्हणाली, "येते, पण मला आधीचंच सगळं माहीत आहे, विसरून कसं येऊ?"

रविवार_पेठ
बघ, म्हणून म्हणत होतो, कळलेलं असलं तरी लोक येतात.

फिल्मवेडी_शहापूर
ती मामासाठी येतेय.

अनगोळची_सून
विणकर दादा, शनिवारी मी एकटीच येते. सासूबाईंना नाही आणत. खुर्ची कडेची ठेवा.

खानापूर_लोंढा
बसचं कुणी सांगितलं नाही अजून.

वडगावचा_विणकर
चित्रपट दोन तासांच्या आतला आहे, नऊपर्यंत सुटतो. बसची वेळ स्टँडवर विचारून सांगतो. नाहीच मिळाली तर आमच्याकडं मुक्काम कर, सकाळी जा.